एसआयपीची 'मॅच्युरिटी' या महिन्यात आहे, पण फंडाच्या माहितीचा फोटो हरवला. किती मिळतील?

अनुराधा_के

नमस्कार मंडळी. आईच्या नावावर दरमहा 5000 रुपयांची एसआयपी होती. जानेवारी 2018 मध्ये सुरू केली, डिसेंबर 2024 मध्ये 84 हप्ते पूर्ण झाले. ज्यांनी ती काढून दिली त्या एजंटने तेव्हा एका कागदावर फंडाचं नाव, फोलिओ नंबर आणि सात वर्षांनी मिळणारी रक्कम लिहून त्याचा फोटो आईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. आईचा तो फोन बंद पडला आणि त्याच्याबरोबर फोटोही गेला. एजंटने हा व्यवसाय सोडलाय, त्यांचा नंबर लागत नाही.

आईला एवढंच आठवतंय की नावात 'मंथली' होतं आणि सात वर्षांत 'दुप्पट' असं लिहिलं होतं. म्हणजे 4 लाख 20 हजारांचे 8 लाख 40 हजार. मॅच्युरिटी याच महिन्यात असावी. पैसे आपोआप खात्यात येतात का? आले नाहीत तर कुठे जायचं? आणि दुप्पट खरंच होतील का? घराच्या छताचं काम काढलंय, साधारण दोन लाख लागणार आहेत.

भास्करराव

'मंथली' म्हणजे पोस्टाची मासिक उत्पन्न योजना असणार. पासबुक घेऊन पोस्टात जा, मुदत संपली की मुद्दल परत मिळते. आमच्या हिचं खातं मी असंच बंद केलं. पासबुक हरवलं असेल तर दुसरं करून मिळतं.

चिंचगूळ

भास्करराव, पोस्टाच्या त्या योजनेत एकदाच रक्कम भरतात आणि दरमहा व्याज मिळतं. इथे ताईंच्या आई दरमहा पैसे भरत होत्या. अगदी उलटी गंमत आहे. :)

देवदत्त

अनुराधाताई, आधी काळजी मिटवतो. तो फोटो म्हणजे काही पावती नव्हे. गुंतवणुकीची खरी नोंद रजिस्ट्रारकडे असते आणि ती आईच्या पॅनला जोडलेली असते, त्यामुळे फोटो गेल्याने पैशाला काही झालेलं नाही.

पण त्याआधी एक गोष्ट नक्की करा. आईच्या बँकेच्या पासबुकात दर महिन्याच्या त्या 5000 समोर काय छापलंय? साधारणपणे ACH असं लिहून पुढे कुणाचं तरी नाव असतं. तिथे फंड हाउसचं नाव असेल किंवा Indian Clearing Corp असं काही असेल, तर म्युच्युअल फंड आहे. विमा कंपनीचं नाव असेल तर ती युलिप किंवा पॉलिसी आहे आणि मग पुढचं सगळंच बदलतं. एसआयपी म्हणून विमा गळ्यात मारल्याची उदाहरणं कमी नाहीत, म्हणून हे आधी बघा.

सुमेधा

देवदत्त म्हणतात ते आमच्या घरी झालंय. सासऱ्यांना 'दरमहा भरा, पाच वर्षांनी काढा' असं सांगितलं होतं, आणि सगळे त्याला एसआयपीच म्हणत. पासबुकात बघितलं तर विमा कंपनी. तिची मुदत होती पंधरा वर्षांची, पाच वर्षं हा फक्त लॉक-इन. तिथे मॅच्युरिटीची तारीख खरोखर असते आणि ती पॉलिसी बाँडवर छापलेली असते. बाँड सापडेना तेव्हा शाखेत जाऊन दुसरी प्रत मागितली.

अनुराधा_के

पासबुक बघितलं. ACH आणि पुढे एका फंड हाउसचं नाव अर्धवट छापलंय. विमा नाही. हुश्श.

रानवारा

मग सोप्पं आहे. एमएफसेंट्रलवर जा, पॅन टाका, ओटीपी येईल, सगळं दिसेल.

देवदत्त

+1, पण ओटीपी कुठे येतो हा खरा प्रश्न आहे. फोलिओमध्ये जो मोबाइल नोंदवलाय तिथेच तो येणार. ताई, तुम्ही तिथून 'कॅस', म्हणजे एकत्रित खातेउतारा मागवा. mfcentral.com वर मिळतो, camsonline.com वरही मिळतो. मागवताना दोन गोष्टी सांभाळा. सारांश नको, तपशीलवार मागा. आणि कालावधी 2018 च्या आधीपासून आजपर्यंत द्या, नाहीतर एवढ्यातलेच व्यवहार येतील आणि परतावा काढता येणार नाही. पीडीएफला पासवर्ड असतो, कॅम्सच्या साइटवर तो तुम्हीच ठरवता.

आता मॅच्युरिटीबद्दल. एसआयपीला मॅच्युरिटी नसते. सात वर्षं ही हप्ते भरण्याची मुदत होती, ती संपली म्हणजे बँकेतून पैसे कापणं थांबलं, एवढंच. युनिट जिथे आहेत तिथेच राहतात, त्यांची किंमत रोज बदलत राहते आणि तुम्ही विक्रीची विनंती टाकेपर्यंत खात्यात एक रुपयाही येत नाही. त्यामुळे वाट बघत बसू नका. दुसऱ्या बाजूने बघितलं तर मुदत टळून नुकसान होण्यासारखंही काही नाही.

कोकणकडा

पण टॅक्स वाचवणाऱ्या फंडाला तीन वर्षांची मुदत असते ना? माझी आहे.

देवदत्त

असते, पण ती लॉक-इन. तीही प्रत्येक हप्त्याची वेगळी. आजचा हप्ता आजपासून तीन वर्षांनी मोकळा होतो. आणि मोकळा झाला म्हणून आपोआप खात्यात येत नाही, विकावाच लागतो.

अनुराधा_के

अडलं. कॅम्सच्या साइटवर आईचा ईमेल टाकला तर काही येत नाही. एमएफसेंट्रलवर पॅन घेतला, पण ओटीपी ज्या नंबरवर जातोय त्याचे शेवटचे आकडे ना आईचे ना माझे. एजंटने स्वतःचाच नंबर टाकला असेल का?

पिंपळपान

शक्यता दाट आहे. मी रजिस्ट्रारच्या सेवा केंद्रात काही वर्षं काम केलंय. अशा केसेस रोज यायच्या, बहुतेक ज्येष्ठ नागरिकांच्या. एजंट फॉर्म भरताना स्वतःचा मोबाइल आणि ईमेल लिहायचे, 'काकू, तुम्हाला कटकट नको' म्हणून. मग उतारे वर्षानुवर्षं त्यांच्याकडे जायचे आणि ज्याचे पैसे त्याला पत्ता नाही.

यावर ऑनलाइन डोकेफोड करू नका. भारतात फंडांचे रजिस्ट्रार मुख्यतः दोन, कॅम्स आणि केफिनटेक. एचडीएफसी, एसबीआय, आयसीआयसीआय प्रुडेन्शियल हे कॅम्सकडे, निप्पॉन, यूटीआय, अ‍ॅक्सिस हे केफिनटेककडे. पासबुकात फंड हाउसचं नाव मिळालंच आहे, तेव्हा कुठल्या केंद्रात जायचं ते कळेल. फंड हाउसच्या शाखेतही चालतं. आईंना बरोबर न्या. पॅन कार्ड मूळ आणि झेरॉक्स, आधार आणि त्या बँक खात्याचा नाव छापलेला एक रद्द केलेला चेक सोबत ठेवा. फोलिओ नंबर आठवत नसला तरी पॅनवरून ते शोधून देतात. मोबाइल आणि ईमेल बदलायचा फॉर्म तिथेच भरा आणि उताऱ्याची छापील प्रत मागा.

सहीकडे मात्र लक्ष द्या. सात वर्षांत आईंची सही बदलली असेल तर फॉर्म परत येतो. तसं वाटलं तर बँकेकडून सही प्रमाणित करून घ्यावी लागते. केंद्रातल्या माणसाला आधीच विचारा, म्हणजे दोन हेलपाटे वाचतील.

नाममात्र

तोवर ताईंच्या मूळ प्रश्नाकडे वळू. दुप्पट झाले का? सात वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साधारण दहा टक्के पडतात. 72 ला 7 ने भागा, 10 च्या थोडं वर येतं. चांगल्या फंडात दहा टक्के काही अवघड नाही. म्हणजे 8 लाख 40 हजार मिळायला हरकत नाही.

देवदत्त

नाममात्र, 72 चा हिशोब बरोबर आहे, पण तो एकरकमी पैशाचा. एजंटनेही बहुधा तेच केलं असावं.

पहिला हप्ता पूर्ण सात वर्षं वाढला. दहा टक्क्यांनी त्याचे 5000 चे जवळजवळ 9740 झाले, म्हणजे दुप्पट होत आले. पण चौथ्या वर्षाच्या मध्यावर भरलेल्या हप्त्याला साडेतीनच वर्षं मिळाली, त्याचे झाले साधारण 6980. आणि डिसेंबर 2024 च्या हप्त्याला एकच महिना मिळाला, तो 5040 वर थांबला. असे 84 हप्ते जोडले की वर्षाला दहा टक्के धरून बेरीज येते सुमारे 6 लाख, 8.4 लाख नव्हे. बारा टक्के धरले तर 6 लाख 44 हजार. दरमहा भरून सात वर्षांत दुप्पट व्हायला वर्षाला साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास परतावा लागतो. सात वर्षं सलग तेवढा मिळेल असं कुणी कागदावर लिहून देत असेल तर तो कागद हरवला याचं दुःख नको.

चिंचगूळ

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो.

अनुराधा_के

हे आईला वाचून दाखवलं. तिला वाईट वाटलं, पण पटलं. उद्या केंद्रात जातोय.

भास्करराव

अवांतर विचारतो. माझ्या मुलाची एसआयपी आहे, त्याच्या अ‍ॅपवर हिरव्या अक्षरात 31 टक्के दिसतात. मग हा तर खूपच जास्त परतावा झाला?

रानवारा

काका, ते एकूण वाढीचे टक्के असतील, वर्षाचे नव्हेत. बाजूला बारीक अक्षरात XIRR दिसतं का ते बघायला सांगा.

अनुराधा_के

झालं काम! आईची सही जुळली. मोबाइल आणि ईमेल बदलायला टाकलाय, उताऱ्याची प्रत हातात मिळाली. एकच फोलिओ आहे, 84 च्या 84 हप्ते दिसतायत. योजनेच्या नावात 'मंथली' कुठेच नाही, 'कॉन्झर्व्हेटिव्ह हायब्रिड' लिहिलंय, पुढे 'रेग्युलर' आणि 'ग्रोथ'. फोलिओ आईचाच, मग योजना बदलली कशी? आणि जुलै 2020 पासून प्रत्येक हप्ता 5000 ऐवजी 4999.75 दिसतोय. 10 जानेवारीच्या भावाने किंमत 5,98,640 रुपये.

पिंपळपान

योजना तीच आहे, नाव बदललं. सेबीने ऑक्टोबर 2017 मध्ये फंडांची नव्याने वर्गवारी केली आणि 2018 मध्ये जुन्या 'मंथली इन्कम प्लॅन' योजनांची नावं बदलून कॉन्झर्व्हेटिव्ह हायब्रिड झाली. आईंनी जानेवारी 2018 मध्ये सुरुवात केली, म्हणजे फोटोत जुनंच नाव असणार. आईंना बरोबर आठवत होतं. नाव घेऊन शोधत बसला असतात तर मात्र सापडली नसती.

4999.75 चं कोडं सोपं आहे. 1 जुलै 2020 पासून फंडाच्या खरेदीवर 0.005 टक्के मुद्रांक शुल्क लागतं, 5000 वर ते 25 पैसे होतं. नीट बघा, खाली वेगळ्या ओळीत 0.25 असेल.

अनुराधा_के

आहे! प्रत्येक हप्त्याखाली एक छोटी ओळ आहे, मला ती छपाईतली चूक वाटली होती.

कोकणकडा

4,20,000 चे 5,98,640. फायदा 1,78,640, म्हणजे साडेबेचाळीस टक्के. भागिले सात, वर्षाला सहा. याच्यापेक्षा एफडी बरी होती, कशाला हा खटाटोप?

देवदत्त

कोकणकडा, ही तीच गफलत, फक्त उलट दिशेने. तुम्ही असं धरलंत की पूर्ण 4,20,000 सात वर्षं गुंतलेले होते. ते सरासरी साडेतीन वर्षंच गुंतले होते. खरा आकडा एक्सआयआरआरने काढा. एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये A रकान्यात 84 तारखा, B मध्ये प्रत्येकीसमोर -5000. शेवटच्या ओळीत 10 जानेवारी 2025 आणि 598640, हा आकडा अधिक चिन्हाचा. मग कुठल्याही मोकळ्या चौकटीत:

```
=XIRR(B2:B86,A2:A86)
```

उत्तर 9.9 टक्क्यांच्या जवळ येईल. हप्त्यांसमोर उणे चिन्ह राहून गेलं तर सूत्र चूक दाखवतं, तेवढं बघा. आणि हा फंड बहुतांश रोख्यांत पैसे ठेवतो, शेअरमध्ये 10 ते 25 टक्केच. त्यात सात वर्षांचे दहा टक्के म्हणजे चांगलंच काम झालंय.

ग्रोथ पर्याय आहे हेही बरं झालं. लाभांशाचा पर्याय असता तर मध्ये मध्ये आईंच्या खात्यात आलेले पैसेही तारखांसकट या यादीत घालावे लागले असते, नाहीतर परतावा उगाच कमी दिसतो.

कोकणकडा

शीट करून बघितलं. 9.9 येतंय. एफडीचा शब्द मागे.

नाममात्र

ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर दहा टक्के टाकले तर मात्र 6 लाखांच्या वर दाखवतोय. का?

देवदत्त

बरेच कॅल्क्युलेटर दहाला बाराने भागून दर महिन्याला तेवढं व्याज चढवतात, त्याने वर्षाचे दहाच्या वर पडतात. लांब मुदतीत हा फरक फुगतो. दरमहा 5000, दहा वर्षं, बारा टक्के घ्या. तसं भागून 11.62 लाख येतात, वर्षाचे खरे बारा धरले तर 11.20 लाख. म्हणून अपेक्षा ठेवताना जरा हात आखडता.

अनुराधा_के

आता दोन लाख काढायचे. कर किती? शेअर फंडात सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही असं वाचलं.

रानवारा

बरोबर, सव्वा लाखापर्यंत शून्य. तुमचा एकूण नफा 1.78 लाख, दोन लाखांत त्यातला थोडाच येईल, त्यामुळे काहीच कर नाही.

पिंपळपान

रानवारा, ती सवलत शेअर फंडांना. हा फंड त्यात बसत नाही, शेअरचा हिस्सा फार कमी आहे.

इथे एकाच फोलिओत दोन प्रकारचे हप्ते आहेत. 1 एप्रिल 2023 च्या आधीचे 63 आणि नंतरचे 21. नंतरच्यांचा नफा कितीही वर्षं ठेवला तरी आईंच्या उत्पन्नात मिळवला जातो आणि त्यांच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो. आधीच्यांना 24 महिने पूर्ण झाले असतील तर साडेबारा टक्के. 2023 च्या सुरुवातीचे दोन-तीन सोडले तर ते सगळे पूर्ण झालेत.

दिलासा असा की विकताना जुने युनिट आधी जातात. दोन लाखांसाठी पहिले बावीस-तेवीस हप्तेच विकले जातील. त्यांत मुद्दल अंदाजे 1 लाख 12 हजार, नफा 88 हजार, कर अकरा हजारांच्या आसपास. आईंचं बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असेल तर तोही कमी किंवा शून्य होऊ शकतो, ते सीएकडून तपासून घ्या. शेवटच्या वर्षातल्या हप्त्यांवर एक्झिट लोड असला तरी या विक्रीत ते हप्ते येतच नाहीत.

सुमेधा

आणि ताई, पैसे फोलिओत नोंदवलेल्या बँक खात्यातच येतात. ते खातं चालू आहे ना? आमचं निष्क्रिय झालं होतं, पैसे परत गेले आणि पुन्हा फॉर्म.

अनुराधा_के

चालू आहे, त्यातूनच हप्ते जात होते. मोबाइल बदलून आला की विक्री टाकते. उरलेले चार लाख तिथेच ठेवू का? मैत्रीण म्हणते रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये ने, कमिशन वाचेल.

देवदत्त

डायरेक्टमध्ये नेणं म्हणजे विकून पुन्हा घेणं. सगळ्या नफ्यावर कर आत्ताच लागेल, आणि नवे युनिट 2023 नंतरचे म्हणून स्लॅबवाले होतील. मी असतो तर जुने तसेच ठेवले असते आणि नवे पैसे तेवढे डायरेक्टमध्ये टाकले असते.

पिंपळपान

मी सहमत नाही. आईंचं उत्पन्न मर्यादेच्या आत असेल तर दरवर्षी थोडं थोडं हलवता येईल, करही फारसा लागणार नाही. जो एजंट फोनच उचलत नाही त्याच्या नावाने वर्षानुवर्षं कमिशन का जावं? निदान उताऱ्यावरचा त्याचा एआरएन नंबर तरी फोलिओवरून काढून टाका, त्याला फॉर्म आहे.

चिंचगूळ

एआरएन काढला की रेग्युलरचा खर्च कमी होतो का?

पिंपळपान

नाही, योजना रेग्युलरच राहते, खर्च तोच. फक्त ते कमिशन त्या माणसाला जाणं थांबतं.

कोकणकडा

मग ते जातं कुठे?

अनुराधा_के

हे मलाही हवंय. आणि आईचं पेन्शन धरून तिचं उत्पन्न मर्यादेच्या जरा वर जातंय असं दिसतंय. सीएकडे सोमवारी जातेय, उतारा घेऊन. काय म्हणतात ते इथेच लिहीन.